छोट्या ऑनलाइन दुकानाची डिलिव्हरी, परती आणि रिफंडची पाने कशी लिहावीत

ऑनलाइन दुकान सुरू करताना पेमेंट गेटवेचे खाते उघडावे लागते, आणि ते चालू करण्यापूर्वी गेटवे कंपनी वेबसाइटवर डिलिव्हरी, परती आणि रिफंड यांची पाने आहेत का, हे पाहते. छोट्या दुकानांची बरीचशी पाने या तपासणीपुरती, घाईघाईने, दुसऱ्या कोणाच्या तरी साइटवरून उतरवून तयार होतात. त्यात 'व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील', 'योग्य कालावधीत रिफंड दिला जाईल', 'अटी लागू' अशी वाक्ये असतात. गेटवेचे समाधान होते, पण पहिले पार्सल परत येते तेव्हा दुकानदाराच्या लक्षात येते की आपण स्वतः काय कबूल केले आहे हेच आपल्याला माहीत नाही. ज्या साइटवरून मजकूर उतरवला तिचे कुरिअर वेगळे, माल वेगळा, परतीचा खर्च वेगळा, आणि तरीही तिने दिलेली वचने आता आपल्या नावावर आहेत.

म्हणून पान लिहायला बसण्याआधी चार गोष्टी कागदावर ठरवाव्यात. दिवस कधीपासून मोजायचे, ते किती, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, आणि पैसे किती व कुठे परत जातील. ही चार उत्तरे पक्की असली तर वाक्ये आपोआप सोपी होतात. वाक्य अवघड होत असेल तर बहुतेक वेळा निर्णयच झालेला नसतो, आणि तो भाषेने झाकण्याचा प्रयत्न चाललेला असतो.

पुढचे सगळे विवेचन एका उदाहरणावर करतो. समजा, कोल्हापुरात कोल्हापुरी चपलांचे एक छोटे दुकान आहे, माल स्वतःचा आहे, आणि तो स्वतःच्या साइटवरून देशभर जातो. एका जोडाची किंमत १,४५० रुपये आणि डिलिव्हरी शुल्क ९० रुपये, म्हणजे ग्राहक एकूण १,५४० रुपये भरतो. चपलेचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे, कारण तिच्यात परतीचे सर्वांत मोठे कारण खराबी हे नसून माप हे असते, आणि याच ठिकाणी उतरवलेली पाने पूर्णपणे कोलमडतात.

कायदा कुठपर्यंत बांधतो

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० मध्ये लागू झाले. ते मोठ्या कंपन्यांपुरतेच आहेत असा समज आहे, पण नियमित व्यवसाय म्हणून ऑनलाइन विकणारे छोटे दुकानही त्यांत येते. सूट आहे ती व्यवसाय म्हणून नव्हे, तर वैयक्तिकरीत्या एखादी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला. या नियमांनुसार स्वतःचा माल विकणाऱ्या दुकानाला काही प्रसंगी वस्तू परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही. वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, किंवा दुकानाने सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा पोहोचली असेल, तर ती परत घ्यावीच लागते. उशीर पूर, संप यांसारख्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला असेल तरच उशिराच्या बाबतीत अपवाद आहे.

यातून पानाची मुख्य रचना ठरते. परतीचे दोन रस्ते आहेत आणि ते वेगवेगळे लिहिले पाहिजेत. पहिला रस्ता चूक दुकानाची असते तेव्हाचा: वेणी उसवलेली, तळ सुटलेला, एका जोडात दोन मापे, काळी मागवली आणि तपकिरी आली. इथे दुकानाला निवड नाही. दुसरा रस्ता ग्राहकाचे मन बदलते किंवा माप चुकते तेव्हाचा. इथे भारतीय कायदा सरसकट परतीची सक्ती करत नाही, म्हणून परत घ्यायचे की नाही, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने, हे दुकान ठरवू शकते. उतरवलेल्या पानांत हे दोन्ही रस्ते एकाच परिच्छेदात कोंबलेले असतात. मग 'वापरलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य सदोष मालालाही लागू आहे असे दिसते. ग्राहक चप्पल घालून चार पावले चालल्यावरच तळ सुटल्याचे त्याला कळणार असते, आणि अशा वेळी ते वाक्य ग्राहकाला फसवणारे ठरते आणि दुकानाला तक्रार निवारण आयोगापुढे कामही येत नाही. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या जुन्या पाटीचेही तेच आहे.

एक बारकावा सहसा निसटतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष माल परत न घेणे ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे, आणि तिथे मुदत बिलावर किंवा पावतीवर नमूद केलेली धरली आहे. बिलावर मुदत नसेल तर ती ३० दिवसांची. म्हणजे साइटवर 'सात दिवसांत कळवावे' असे लिहिले आणि पार्सलमधल्या बिलावर काहीच छापले नाही, तर सात दिवसांवर बोट ठेवणे अवघड जाते. पानावरची मुदत बिलाच्या तळाशी एका ओळीत छापावी, आणि सदोष मालासाठी ती फार आखडती नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिलिव्हरीचे दिवस: जो आकडा लिहाल तो पाळावा लागेल

सांगितलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर परत घ्यावे लागते, याचा दुसरा अर्थ असा की 'सांगितलेली वेळ' दुकानदार स्वतःच ठरवत असतो. 'तीन ते पाच दिवसांत घरपोच' हे आकर्षक दिसते म्हणून लिहिले, तर सहाव्या दिवशी पोहोचणारे प्रत्येक पार्सल परतीला पात्र होते. त्यामुळे हा आकडा कुरिअरच्या जाहिरातीवरून घेऊ नये. आपल्याच मागच्या दोन-तीन महिन्यांच्या पार्सलांची यादी काढावी, प्रत्येकाला किती दिवस लागले ते पाहावे, आणि सरासरी न घेता असा आकडा निवडावा की दहापैकी किमान नऊ पार्सले त्याच्या आत पोहोचलेली असतील. सरासरी लिहिली तर जवळजवळ निम्मी पार्सले 'उशिरा' ठरतील.

शिवाय इथे दोन वेगळे काळ आहेत: ऑर्डर आल्यापासून पार्सल कुरिअरच्या हाती जाईपर्यंतचा आणि तिथून दारापर्यंतचा. ग्राहकाला यांतला फरक माहीत नसतो, आणि 'पाच दिवस' वाचून तो ऑर्डर दिल्याच्या क्षणापासून मोजू लागतो. आपल्या दुकानासाठी वाक्ये अशी होतील:

'दुपारी दोनपर्यंत आलेली ऑर्डर दुसऱ्या दिवशी कुरिअरकडे जाते. दोननंतर आलेली ऑर्डर त्यानंतरच्या दिवशी जाते. रविवारी आणि कुरिअर बंद असलेल्या सणाच्या दिवशी पार्सल निघत नाही. पार्सल निघाल्यापासून महाराष्ट्र आणि गोव्यात चार दिवसांत, इतर राज्यांत सात दिवसांत, आणि ईशान्येकडील राज्ये, जम्मू-काश्मीर, लडाख व अंदमान येथे बारा दिवसांत पोहोचते. पार्सल निघाले की ट्रॅकिंग क्रमांक एसएमएसने येतो.'

'कामकाजाचे दिवस' हा शब्द मी मुद्दाम टाळला आहे. दुकानाचे कामकाज, कुरिअरचे कामकाज आणि बँकेचे कामकाज यांच्या सुट्ट्या निरनिराळ्या असतात, आणि ग्राहकाने त्यांतली कोणती धरायची हे कोणीच सांगत नाही. साधे दिवस मोजावेत आणि त्यात सुट्ट्यांची जागा आधीच ठेवून आकडा थोडा मोठा लिहावा. मापाप्रमाणे शिवून देण्याच्या चपला असतील तर त्यांचा तयारीचा काळ त्या चपलेच्याच पानावर, किमतीच्या खाली, वेगळा लिहावा. डिलिव्हरीच्या पानावर तो शोधायला कोणी जात नाही.

डिलिव्हरी शुल्क ९० रुपये आहे हे ग्राहकाला पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीवर कळता कामा नये. वेबसाइटच्या रचनेतून ग्राहकाची दिशाभूल करण्याच्या युक्त्यांना डार्क पॅटर्न म्हणतात, आणि त्यांविषयीच्या सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत, किंमत सुरुवातीला अर्धवट सांगून पुढे शुल्क वाढवत जाण्याच्या प्रकाराचा समावेश आहे. चपलेच्या पानावर 'डिलिव्हरी ९० रुपये, २,५०० रुपयांच्या पुढे मोफत' एवढी ओळ पुरते.

पत्ता चुकला, फोन उचलला नाही किंवा घर बंद होते, तर कुरिअर साधारणपणे दोन-तीन खेपा घालून पार्सल दुकानाकडे परत पाठवते, आणि या परतीचे भाडेही दुकानाला पडते. ते ग्राहकाकडून घ्यायचे असेल तर आधीच लिहावे: 'तीन खेपांनंतरही पार्सल स्वीकारले गेले नाही, तर ते आमच्याकडे परत येते. पुन्हा पाठवण्यासाठी ९० रुपये भरावे लागतात. पुन्हा नको असल्यास चपलेची किंमत परत मिळते, पण जाण्याचे ९० रुपये परत मिळत नाहीत.' ऑर्डर रद्द करण्याबाबत मात्र नियम निराळा आहे. दुकानाने स्वतःहून ऑर्डर रद्द केल्यास दुकानही तेवढाच भार सोसणार नसेल, तर ग्राहकाला रद्दीकरण शुल्क लावता येत नाही. छोट्या दुकानाने सरळ लिहावे की पार्सल निघण्यापूर्वी ऑर्डर रद्द केल्यास सर्व पैसे परत मिळतात.

माप चुकले तर

आता या दुकानाचा खरा प्रश्न. नवी कोल्हापुरी चप्पल सुरुवातीला पायाला घट्ट लागते, आणि वापरात चामडे सैल पडते. हे ज्यांना माहीत नाही ते पहिल्याच संध्याकाळी 'एक नंबर मोठी पाठवा' असा निरोप धाडतात, आणि मोठी चप्पल महिन्याभरात पायातून निसटू लागते. त्यामुळे परतीच्या पानाचा अर्धा इलाज परतीच्या पानावर नसून मापाच्या पानावर आहे: कागदावर उभे राहून टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे, दोन्ही पायांचे मोजावे, मोठे असेल ते धरावे, आणि सोबत कोणत्या मापाला कोणता नंबर याचा तक्ता द्यावा. तसेच वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेल्या चामड्याचा रंग जोडागणिक थोडा बदलतो, हे फोटोखालीच लिहून ठेवावे. तसे न लिहिल्यास फोटोपेक्षा गडद आलेली चप्पल 'जाहिरातीप्रमाणे नाही' या सदरात जाते आणि पहिल्या, म्हणजे दुकानाच्या खर्चाच्या रस्त्यावर येते.

दुसरा मुद्दा 'न वापरलेली' या शब्दाचा. चप्पल पायात घातल्याशिवाय माप कळत नाही, मग घातली की ती वापरलेली झाली का? चामड्याच्या तळावर एकदा रस्त्यावर चालले तरी ओरखडे उमटतात, पण घरात चटईवर चालले तर उमटत नाहीत. तेव्हा अट डोळ्यांनी तपासता येईल अशी लिहावी: 'चप्पल घरात चटईवर किंवा चादरीवर घालून पाहा. तळावर ओरखडे, माती किंवा पाण्याचे डाग नसतील तर माप बदलून मिळते.' पार्सल परत आल्यावर दुकानातला माणूस आणि घरी बसलेला ग्राहक हे दोघेही एकाच गोष्टीकडे पाहून एकाच निष्कर्षाला येतील, अशी अट असावी. 'मूळ स्थितीत', 'विक्रीयोग्य स्थितीत' या शब्दांतून तसे होत नाही.

दिवस कधीपासून मोजायचे हेही इथेच सांगावे. 'सात दिवसांत परत करावे' यात ऑर्डरपासून, पोहोचल्यापासून की बिलाच्या तारखेपासून, हे कळत नाही. ग्राहकाने सात दिवसांत कळवायचे की पार्सल सात दिवसांत दुकानात पोहोचायला हवे, हेही कळत नाही. लडाखमधल्या ग्राहकाला दुसरी अट पाळणेच शक्य नाही. स्पष्ट वाक्य असे: 'पार्सल तुमच्या हाती पडल्याच्या दिवसापासून सात दिवसांच्या आत आम्हाला व्हॉट्सॲप किंवा ईमेलने कळवा. कळवल्यानंतर तीन दिवसांत आमचा कुरिअर चप्पल न्यायला येईल.' आणि जिथे कुरिअर परतीचे पार्सल उचलत नाही अशा पिनकोडसाठी, ग्राहकाने टपालाने पाठवल्यास किती रुपयांपर्यंतचा खर्च दुकान देईल, ते पुढच्याच ओळीत सांगावे.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तक्रार घेणार नाही, अशी अट अलीकडे सर्रास दिसते. चोरीच्या आणि अदलाबदलीच्या प्रकारांना दुकानदार वैतागलेले असतात हे खरे आहे, पण सदोष माल परत घेण्याच्या बंधनाला कायद्यात व्हिडिओची अट नाही. 'उघडताना व्हिडिओ काढल्यास तक्रार लवकर निकाली काढता येते, व्हिडिओ नसल्यास खराबीचे फोटो पाठवा', हे पुरेसे आणि प्रामाणिक आहे. वाटेत झालेल्या नुकसानीसाठी ग्राहकाला कुरिअरकडे धाडणेही गैर आहे. त्याने व्यवहार दुकानाशी केलेला असतो आणि कुरिअर दुकानाने निवडलेला असतो.

पैशांचा हिशेब आकड्यांत मांडावा

परतीचा खर्च दुकानाला नेमका किती पडतो, हे आधी मांडू. जाण्याचे भाडे ९० रुपये ग्राहकाने भरले. परतीच्या पार्सलचे भाडे, समजा, ११० रुपये आहे. गेटवेने १,५४० रुपयांवर दोन टक्के म्हणजे ३० रुपये ८० पैसे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतला, असे मिळून साधारण ३६ रुपये होतात, आणि रिफंड दिला तरी गेटवेचे शुल्क सहसा परत मिळत नाही. मन बदलल्यावर सगळे १,५४० रुपये परत दिले, तर दुकानाचे भाड्यापोटी २०० आणि गेटवेपोटी ३६, असे २३६ रुपये जातात. चपलेवरचा नफा तीनशेच्या आसपास असेल, तर एक परती जवळजवळ एका विक्रीची कमाई खाते.

म्हणून आपले दुकान असे ठरवते की मन बदलल्यास परतीचे भाडे ग्राहकाने द्यावे आणि गेटवेचे नुकसान दुकानाने सोसावे. माप बदलायचे असल्यास एका वेळेसाठी सरळ १०० रुपये घ्यावेत आणि परतीच्या व पुन्हा पाठवण्याच्या भाड्यातले उरलेले १०० रुपये स्वतः भरावेत, कारण योग्य मापाची चप्पल मिळालेला ग्राहक टिकतो. हा निर्णय पानावर टक्केवारीत लिहू नये. रक्कम लिहावी:

'चप्पल सदोष, चुकीची किंवा सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा आली असेल, तर तुम्ही भरलेली पूर्ण रक्कम, डिलिव्हरी शुल्कासह, परत मिळते. परतीचे भाडे आम्ही भरतो. माप बदलायचे असल्यास एकदा १०० रुपयांत बदलून मिळते. चप्पल आवडली नाही म्हणून परत केल्यास परतीचे ११० रुपये कापले जातात आणि आधी भरलेले डिलिव्हरी शुल्क परत मिळत नाही. उदाहरणार्थ, १,४५० रुपयांची चप्पल आणि ९० रुपये डिलिव्हरी भरून घेतली असल्यास १,३४० रुपये परत मिळतात.'

शेवटचे वाक्य वाचून कोणी ऑर्डर देणार नाही, अशी भीती वाटते. पण हे २०० रुपये आज लिहिले नाहीत तर ते परतीच्या दिवशी सांगावे लागतात, आणि त्या दिवशी ग्राहक फसवल्यासारखा चिडतो.

रिफंडच्या दिवसांतही दोन टप्पे आहेत. दुकान रिफंडचे बटण दाबते तो एक, आणि ग्राहकाच्या खात्यात रक्कम दिसते तो दुसरा. पहिला दुकानाच्या हातात आहे, दुसरा बँकेच्या. 'परत आलेली चप्पल आम्ही दोन दिवसांत तपासतो आणि त्याच दिवशी रिफंड पाठवतो. यूपीआयने भरले असल्यास रक्कम बहुधा लवकर येते. कार्डाने भरले असल्यास बँकेला सात दिवसांपर्यंत लागू शकतात. रिफंड पाठवताच त्याचा संदर्भ क्रमांक कळवला जातो.' हा क्रमांक देण्याची सवय असावी, कारण पैसे अडकले तर ग्राहकाला बँकेत तोच दाखवावा लागतो. पैसे कापले गेले पण ऑर्डरच नोंदली गेली नाही, हा वेगळा प्रसंग आहे, त्यासाठीही एक ओळ हवी. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआय किंवा कार्डाने दुकानाला केलेल्या अशा फसलेल्या व्यवहाराची रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी.

डिलिव्हरीच्या वेळी रोख घेतलेल्या ऑर्डरला परत पाठवायला मूळ खातेच नसते. ग्राहकाकडून यूपीआय आयडी किंवा बँक खाते क्रमांक व आयएफएससी मागावा लागतो, आणि तो कुठे द्यायचा हे पानावर लिहावे. त्याच परिच्छेदात 'रिफंडसाठी आम्ही ओटीपी, पिन किंवा कार्ड क्रमांक कधीही मागत नाही, कोणतीही लिंक उघडायला सांगत नाही' हे ठळक अक्षरांत असावे. खोट्या ग्राहक सेवेचे फोन नेमके रिफंडच्याच नावाने येतात, आणि आपल्या ग्राहकाला सावध करण्याची ही सर्वांत योग्य जागा आहे. रिफंडऐवजी पुढच्या खरेदीची कुपन द्यायची असतील तर ती फक्त दुसऱ्या रस्त्यावर, आणि तीही ग्राहकाने स्वतः निवडल्यासच. सदोष मालाचे पैसे कुपनात अडकवू नयेत.

पान चालू झाल्यावर

तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव, पद, फोन आणि ईमेल पानावर असणे नियमांनुसार बंधनकारक आहे. एकट्याचे दुकान असेल तर मालकाचेच नाव तिथे येते. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते, हेही ग्राहकाला त्याच ठिकाणी वाचता यावे.

पान पुरेसे झाले आहे का, हे तपासायला दुकानाच्या व्हॉट्सॲपवरचे मागचे पन्नास-साठ निरोप उघडावेत. 'पार्सल कुठे आहे', 'नंबर बदलून मिळेल का', 'पैसे कधी येतील' असा प्रत्येक प्रश्न घ्यावा आणि त्याचे उत्तर पानावरच्या एकाच वाक्यात सापडते का, ते पाहावे. सापडत नसेल तर ते वाक्य लिहावे. सापडत असूनही लोक विचारत असतील, तर ते चुकीच्या जागी आहे, आणि बहुधा ते वस्तूच्या पानावर किंवा ऑर्डरच्या पोचपावतीत हलवायला हवे. ग्राहकाला निरोपातून दिलेले उत्तर आणि पानावरचा मजकूर यांत फरक पडू लागला, तर दोन्हींपैकी एक लगेच दुरुस्त करावे.

दिवाळीच्या आधी पार्सले तुंबतात तेव्हा नेहमीचे दिवस पाळता येत नाहीत. अशा वेळी काळापुरता बदल पानाच्या वर तारखांसह लिहावा आणि पैसे भरण्याच्या पायरीवरही दाखवावा. पानाच्या तळाशी 'हे धोरण अमुक तारखेपासून लागू' असे असावे आणि जुना मजकूर जपून ठेवावा, कारण ज्या दिवशी ऑर्डर आली त्या दिवशी पानावर जे लिहिले होते तेच त्या ऑर्डरला लागू असते, नंतर बदललेले नव्हे.